चारशे औंसांची लगड : कायद्यातल्या एका अटीची गोष्ट

१/ आजचा धागा सोन्याविषयी आहे. पण खाणींविषयी नाही, राजेरजवाड्यांच्या खजिन्याविषयीही नाही. तो आहे लगडीच्या आकाराविषयी. मध्यवर्ती बँकांच्या तळघरांत रचलेली लगड सुमारे चारशे औंसांचीच का असते, आणि सराफ बाजारात फिरणारी किलोची लगड तिच्यापेक्षा वेगळी कशी, एवढाच प्रश्न. उत्तर मात्र मला १९२५ च्या एका ब्रिटिश कायद्यापर्यंत, तिथून मुंबईच्या टांकसाळीपर्यंत आणि शेवटी आमच्या घरातल्या दोन पाटल्यांपर्यंत घेऊन गेले.

२/ पाटल्यांपासूनच सुरुवात करते. एम.ए.ला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा फी आणि वसतिगृहाचे पैसे उभे करण्यासाठी आईने तालुक्याच्या गावी एका सोनेतारण कार्यालयात आपल्या पाटल्या नेल्या. मी सोबत होते. मूल्यमापकाने त्या कसोटीच्या दगडावर घासल्या, काट्यावर ठेवल्या. काट्यावर आकडा दिसत होता ३४.८७ ग्रॅम. त्याने कागदावर लिहिले ३४.५०. मी विचारले, तर तो मान वर न करता म्हणाला, “ताई, असंच लिहितात.” आईने माझा हात दाबला. आम्ही सही करून बाहेर पडलो. ती सदतीस शतांश ग्रॅमची तफावत माझ्या मनात मात्र राहिली.

३/ गेल्या वर्षी दोन महायुद्धांमधल्या काळातील चलनव्यवस्थेवर एक निबंध लिहीत होते. त्यासाठी लंडनच्या घाऊक बाजाराचे नियम वाचायला घेतले आणि पहिल्याच वाचनात थबकले. तिथेही वजन खालच्या आकड्यावरच उतरवतात! मग त्या मूल्यमापकाला दोष कशाला द्यायचा? हा प्रश्न सुटायला हवा असेल तर आधी ती लगड नीट समजून घ्यायला हवी.

४/ लंडनच्या बाजारात जी लगड विनातक्रार स्वीकारली जाते तिला ‘गुड डिलिव्हरी’ लगड म्हणतात. चारशे औंस ही तिची बोलण्यातली ओळख. नियमात आहे ती एक कक्षा. लगडीतले शुद्ध सोने ३५० ते ४३० ट्रॉय औंसांच्या दरम्यान असावे आणि कस हजारात किमान ९९५ असावा. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅमहून किंचित अधिक. म्हणजे चारशे औंसांची लगड साधारण १२.४ किलोची भरते. प्रत्येक लगडीवर शुद्धीकरण करणाऱ्याची मुद्रा, अनुक्रमांक, कस आणि घडणीचे वर्ष उमटवलेले असते.

५/ आता कोणालाही वाटेल, इतकी मौल्यवान वस्तू आणि वजनात ऐंशी औंसांची ढिलाई? पण ही ढिलाई नव्हे. वितळलेले सोने साच्यात ओतले की नेमके चारशे औंस उतरत नाहीत. थोडे कमी, थोडे जास्त होतेच. ते नेमके करायचे तर तासावे लागेल, भर घालावी लागेल, म्हणजे श्रम आणि घट. घाऊक बाजाराने सोपा मार्ग काढला. आधी ओता, मग तोला, आणि जे भरेल ते नोंदवहीत लिहा. त्यामुळे या बाजारात ‘दहा लगडी’ असे म्हणून व्यवहार पुरा होत नाही. प्रत्येक लगडीचे वजन आणि कस दाखवणारी यादी सोबत लागते, आणि पैसे त्या यादीच्या बेरजेवर ठरतात.

६/ एक लगड तोलून पाहू. समजा काट्यावर ती ४०१.७९६ औंस भरली आणि तिच्यावर कस ९९५.८ आहे. नियमाप्रमाणे एकूण वजन ०.०२५ औंसाच्या पटीतच लिहायचे आणि मधला आकडा आला तर खालची पायरी घ्यायची. म्हणून नोंद होते ४०१.७७५. आता याला ०.९९५८ ने गुणले की शुद्ध सोने येते ४००.०८८ औंस. पैसे मिळतात ते या शेवटच्या आकड्याचे. उरलेले सुमारे पावणेदोन औंस म्हणजे चांदी, तांबे वगैरे. त्याला किंमत नाही. आणि पायरी उतरताना गेले ते सुमारे ०.०२१ औंस, म्हणजे जेमतेम ०.६५ ग्रॅम.

७/ ही ०.०२५ ची पायरी तराजूच्या काळातली आहे. पारड्यांच्या मोठ्या काट्यावर एका बाजूला लगड आणि दुसऱ्या बाजूला वजने ठेवत. लगडीचे पारडे स्पष्टपणे खाली झुकेल एवढ्याच वजनाची नोंद होई. आपल्याकडचा दुकानदार तांदूळ तोलताना पारडे गिऱ्हाइकाकडे झुकते ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. विकत घेणाऱ्याला लिहिल्यापेक्षा कणभर जास्तच मिळावे, कमी कधीच मिळू नये.

८/ इथे माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. लंडनची पायरी आधीच जाहीर आहे, ती सर्वांना ठाऊक आहे आणि लगड विकताना व विकत घेताना तीच नोंद चालते. आज ज्याचे ०.०२१ औंस गेले, त्याने उद्या दुसऱ्याची लगड घेतली की त्यालाही तेवढाच झुकता हात मिळतो. शिवाय बारा किलोंच्या मागे अर्धा-पाऊण ग्रॅम म्हणजे वीस हजारात एक भाग. आमच्या पाटल्यांत पस्तीस ग्रॅमच्या मागे सदतीस शतांश गेले. ते शंभरात एक भागाहून अधिक झाले. आणि ती पायरी कुठे लिहिलेली नव्हती.

९/ मग लगड चारशेच औंसांची का? प्रत्येक लगडीचा कस तपासायचा, तिला क्रमांक द्यायचा, ती तोलायची, वहीत चढवायची. हे कष्ट लहान लगडीलाही तेवढेच आणि मोठीलाही तेवढेच. म्हणून ज्याला टनांनी सोने हाताळायचे आहे त्याला लगड जितकी मोठी तितकी बरी. पण तिला वरची मर्यादा माणसाच्या हाताची आहे. तळघरात लगडी माणसेच उचलतात, रचतात, मोजतात. साडेबारा किलो दिवसभर पेलता येतात; तीस किलो पेलणार नाहीत. लगडीच्या बाजू उतरत्या असतात त्याही याचसाठी. साच्यातून ती सहज सुटते आणि सपाट फळीवरून बोटांत धरता येते. बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरांत अशा सुमारे चार लाख लगडी आहेत. त्यांच्या जागी एकेक किलोच्या लगडी ठेवल्या तर नोंदी बारापटीने वाढतील.

१०/ इथपर्यंत ही सोयीची गोष्ट आहे. आता ती सत्तेची होते. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये नोट दिली की सोन्याचे नाणे, म्हणजे सॉव्हरिन, हातात मिळे. युद्धात ती वहिवाट मोडली. १९२५ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटन सुवर्णमानावर परतत असल्याचे जाहीर केले आणि त्यासाठी कायदा झाला. नोटेच्या बदल्यात ठरलेल्या दराने सोने देण्याचे बंधन बँक ऑफ इंग्लंडवर पुन्हा आले. मात्र त्याला एक अट जोडलेली होती : सोने मिळेल ते केवळ सुमारे चारशे औंस शुद्ध सोन्याच्या लगडींच्या रूपात. व्यापाऱ्यांच्या तळघरातले माप अशा रीतीने कायद्याच्या कलमात येऊन बसले.

११/ या अटीची किंमत काढू. कायद्यातला दर होता प्रमाणित सोन्याच्या औंसाला ३ पौंड १७ शिलिंग साडेदहा पेन्स. प्रमाणित सोने म्हणजे बावीस कॅरट, बारा भागांत अकरा भाग शुद्ध. म्हणून शुद्ध सोन्याचा औंस पडतो सुमारे ४ पौंड ५ शिलिंगांना आणि चारशे औंस जवळपास १,७०० पौंडांना. त्या काळी इंग्लंडमधल्या कुशल कामगाराची आठवड्याची कमाई तीन पौंडांच्या आसपास होती. म्हणजे बँकेचे दार ठोठावण्याआधी त्याने सुमारे अकरा वर्षांचा सगळा पगार न खाता-पिता साठवायला हवा होता. अधिकार सर्वांना होता. बजावता मात्र तो मोठे व्यापारी आणि बँका यांनाच येणार होता.

१२/ ही कल्पना नवी नव्हती. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर डेव्हिड रिकार्डो यांनी १८१६ मध्ये सुचवले होते की नोटांच्या बदल्यात नाणी न देता लगडी द्याव्यात. नाणी लोकांच्या खिशात अडकून पडतात. लगड फक्त परदेशी देणी भागवायला लागते, त्यामुळे थोड्या सोन्यात मोठा व्यवहार चालतो. १८१९ च्या कायद्याने हा प्रयोग करून पाहिला आणि लगडीची किमान मर्यादा साठ औंस ठेवली. तो अल्पकाळ टिकला. १८२१ मध्ये नाणी परतली. शंभर वर्षांनी प्रयोग पुन्हा झाला तेव्हा उंबरठा साठावरून चारशेवर गेलेला होता.

१३/ आणि आता मुंबई. भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी एडवर्ड हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली जो आयोग नेमला गेला (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली तो हाच), त्याने १९२६ मध्ये आपल्याकडेही लगडींच्याच सुवर्णमानाची शिफारस केली. त्यानंतर आलेल्या १९२७ च्या चलन कायद्यात शुद्ध सोन्याचा दर ठरला तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै. हा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा, आज आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो तो नव्हे. या कायद्यातले दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत अशी माझी विनंती आहे.

१४/ सरकारला सोने विकायचे असेल तर मुंबईच्या टांकसाळीत किमान चाळीस तोळ्यांची लगड आणावी. सरकारकडून सोने घ्यायचे असेल तर मागणी किमान १,०६५ तोळ्यांची हवी. हा १,०६५ कुठून आला? चारशे औंसांचे तोळे करून पाहा, १,०६६ च्या थोडे वर उत्तर येते. लंडनची लगडच तोळ्यांच्या वेषात मुंबईला उतरली होती. रुपयांत हिशेब केला तर देताना सुमारे ८५० रुपयांचे सोने पुरत होते. घेताना मात्र २२,६०० रुपये मोजावे लागत. त्यातही सोने द्यायचे की त्याऐवजी लंडनमध्ये पौंड द्यायचे, ही निवड सरकारची. सोन्याला आत यायला दार होते आणि बाहेर पडायला झरोका.

१५/ सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला आणि रुपया पौंडाला बांधलेला राहिला. पौंड घसरला तसा सोन्याचा रुपयांतला भाव चढला. त्याच वेळी जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र कमी झाले नव्हते. खेड्यापाड्यांतल्या घरांनी दागिने काढले. ते सराफांकडून मुंबईत आले, मुशीत वितळले आणि लगडी होऊन बोटींनी लंडनकडे गेले. इतिहासकार याला ‘अडचणीचे सोने’ म्हणतात. त्या निर्यातीचे आकडे वाचताना मला प्रत्येक आकड्यामागे एक काटा दिसत होता, त्यावर ठेवलेली एक पाटली आणि “असंच लिहितात” म्हणणारा एक माणूस.

१६/ आता किलोच्या लगडीकडे वळू, कारण तिचा स्वभाव अगदी उलटा आहे. ती ‘सुमारे’ नसते, नेमकी असते. सोन्याचे दाणे आधी काटेकोर तोलतात, मग साच्यात घालून वितळवतात. त्यामुळे लगड हजार ग्रॅमची बनते, कमी कधीच नाही. तिचा कस बहुधा ९९९.९ असतो, भारतात ९९५ चीही चालते. बाजाराचा संकेत असा की ९९९.९ कसाच्या किलोत ३२.१४८ औंस शुद्ध सोने धरायचे आणि ९९५ च्या किलोत ३१.९९०. एकदा हे मान्य झाले की यादी लागत नाही. दहा लगडी म्हणजे दहा किलो. मोजा आणि घ्या. कारखानदाराला, दागिने घडवणाऱ्याला हीच सोयीची. त्याला तळघरात ठेवायची नाही, उद्या वितळवायची आहे.

१७/ म्हणजे चारशेची लगड साठवणाऱ्याची आणि किलोची लगड वापरणाऱ्याची. शांघाय, हाँगकाँग, मुंबई इथे किलोचे राज्य, लंडनमध्ये चारशेचे. या दोन्हींच्या मधला पूल म्हणजे शुद्धीकरणाचे कारखाने, आणि त्यांतले मोठे स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात इटलीच्या सीमेलगत आहेत. तिथे लंडनच्या लगडी वितळतात, शुद्ध होतात आणि किलोच्या होऊन पूर्वेकडे निघतात. पूर्वी तिथूनच आपल्याकडची दहा तोळ्यांची बिस्किटेही निघत. वितळवण्याचा खर्च किरकोळ आहे, म्हणून एरवी कोणाला हा पूल दिसतच नाही.

१८/ तो दिसला मार्च २०२० मध्ये. करोनामुळे तिचिनोतले कारखाने बंद पडले, विमाने थांबली. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात शंभर औंसांच्या एका सौद्यापोटी शंभर औंसांची एक लगड किंवा किलोच्या तीन लगडी द्याव्या लागत. चारशेची चालत नसे. लंडनमध्ये सोने भरपूर होते, पण चुकीच्या आकारात. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या दरांत एरवी औंसामागे एखाद-दोन डॉलरांचा फरक असतो. तो काही काळ पन्नास डॉलरांच्या वर गेला. शेवटी न्यूयॉर्कच्या बाजाराला चारशेची लगडही स्वीकारणारा वेगळा सौदा सुरू करावा लागला. धातू एकच, कस जवळपास तोच. अडले ते साच्यापाशी.

१९/ चारशेची लगड तळघरातच का राहते, हेही यातून उमगते. ती मान्यताप्राप्त तिजोऱ्यांच्या साखळीत आहे तोवर तिच्यावरचे आकडे विश्वासाने चालतात. एकदा खासगी हातात गेली की परत येताना तपासणी आली, प्रसंगी पुन्हा वितळवणे आले. म्हणजे तिची खरी किंमत सोने अधिक नोंद अशी आहे. नोंद तुटली की उरते फक्त सोने, आणि मग तेही प्रत्येक काट्यावर नव्याने सिद्ध करावे लागते. आमच्या पाटल्यांच्या बाबतीत अशी नोंद कधीच नव्हती. आजीने त्या कुठून घेतल्या, किती वजनाच्या, याचा एकही कागद घरात नाही.

२०/ गेल्या जूनमध्ये शिकवण्यांचे पैसे साठवून मी आणि आईने पाटल्या सोडवून आणल्या. परत घेताना मी म्हटले, तोलून द्या. काट्यावर पुन्हा ३४.८७ आले. पावतीवर तोच आकडा लिहून मागितला. समोरचा जरा घुटमळला, मग लिहून दिला. कर्ज ३४.५० ग्रॅमवर मिळाले होते, ते काही बदलणार नव्हते. पण आता आमच्या घरी एक कागद आहे; त्यावर वजन आहे, कस आहे आणि तारीख आहे. आईने तो पाटल्यांच्या डबीतच घडी करून ठेवला आहे.

२१/ धागा इथे संपतो. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातली सराफाची पावती असेल तर पाहा : वजन तोळे-मासे-गुंजांत आहे की ग्रॅममध्ये, आणि कस लिहिला आहे की नाही. १९३१ नंतरच्या काही वर्षांतली मोडीची पावती सापडली तर मला जरूर कळवा. पुढचा धागा त्या अडचणीच्या सोन्यावरच लिहायचा विचार आहे.